डबल सीट आणि वर तांदळाचं पोतं : स्कूटरच्या टायरात हवा किती?

"किती मारू?" हवा भरणारा पोरगा नळी हातात धरून विचारतो आणि आपण उत्तरासाठी त्याच्याच तोंडाकडे बघतो. मग तोच ठरवतो, "मागं पस्तीस, पुढं तीस, चालतंय ना?" आपण मान हलवतो. साताऱ्यात स्कूटर चालवायला लागल्यापासून कितीतरी वर्षं मी अशीच मान हलवत आलो. यवतेश्वरच्या घाटात एकदा घाम फुटला, त्यानंतर मात्र आकडा मी सांगायला लागलो.

झालं असं. हिच्या मामांचं गाव कासच्या पुढे, बामणोलीच्या अंगाला. नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही दोघं तिकडे गेलो होतो. निघताना मामींनी नव्या तांदळाचं पंचवीस किलोचं पोतं दिलं. नको म्हणायची सोय नव्हती. ते सीटच्या मागच्या कॅरियरवर दोरीने आवळलं आणि निघालो. कासपर्यंत काही जाणवलं नाही. यवतेश्वरचा उतार लागला तशी प्रत्येक वळणावर मागची बाजू आमच्या मागून अर्धा क्षण उशिराने वळायला लागली. हँडल एकीकडे, बूड दुसरीकडे. ही म्हणाली, "अहो, पंक्चर आहे का बघा." थांबून बघितलं तर पंक्चर नव्हतं, पण मागच्या टायरचं पोट सुटल्यासारखं दिसत होतं. हात लावला तर चटका बसण्याइतका गरम. उरलेला घाट पंधरा-वीसच्या वेगाने उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्याचा गेज आणून मोजलं तर मागच्या टायरात २४ पीएसआय. जुने पंक्चरवाले याला अजून 'चोवीस पौंड' म्हणतात, गोष्ट एकच. आमच्या गाडीला दोघं बसले तर मागे ३६ हवेत. बाराची तूट, आणि टायर तर बिनपंक्चर. मग हवा गेली कुठे? मी गणपतीच्या आधी एकट्यापुरती २९ भरून घेतली होती. धडधाकट ट्यूबलेस टायरातूनही महिन्याला एखाद-दोन पौंड हवा आपोआप झिरपते, म्हणजे अडीच महिन्यांत तीनेक गेले. शिवाय साताऱ्यात थंडी पडली होती. साधारण सहा अंशांनी तापमान उतरलं की एक पौंड कमी होतो, तिथे आणखी दोन गेले. २९ चे २४ असे झाले. यात कुणाची चूक असेल तर माझीच.

आता नव्याने स्कूटर घेतलेल्यांसाठी, विशेषतः मागे बायको, आई किंवा मित्र आणि वर सामान घेऊन जाणाऱ्यांसाठी, मी काय करतो ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम : आपल्या गाडीचा आकडा शोधा

हा आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात असतो आणि बहुतेक गाड्यांवर एक स्टिकरही असतं. सीट उचलून आतल्या बाजूला बघा, नाहीतर मागच्या मडगार्डच्या आसपास. त्यात दोन ओळी सापडतील, एक फक्त चालवणाऱ्यासाठी आणि दुसरी मागे माणूस बसल्यावर. मागचं चाक दहा इंची असलेल्या बऱ्याच ११० सीसी स्कूटरना पुढे २२, मागे एकट्याला २९ आणि दोघांना ३६ असे आकडे दिलेले असतात. माझ्या गाडीचेही हेच आहेत आणि खालचा सगळा हिशेब त्यांवरच केलाय. तुमच्या गाडीची चाकं बारा इंची असतील किंवा ती इलेक्ट्रिक असेल तर आकडे वेगळे निघतील, तेव्हा तुमचं स्टिकर सांगेल तेच धरा.

काही स्टिकरांवर पीएसआय नसतं, किलो किंवा केपीए असतं. २.५ किलो किंवा २५० केपीए दिसलं तर ते ३६ पीएसआय समजा. २ किलो किंवा २०० म्हणजे २९, आणि दीड किलो म्हणजे २२ च्या जवळ. एवढं पाठ असलं तरी पुरतं.

टायरच्या भिंतीवरही बारीक अक्षरांत एक आकडा असतो. तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तोच टायर पाच वेगवेगळ्या गाड्यांना बसतो, त्याला तुमच्या गाडीचं वजन काय माहीत? भरायची हवा त्यावरून ठरवू नका.

दुसरं काम : हवेच्या आधी वजन

हा भाग लोक सोडून देतात, आणि खरी गोम इथेच आहे. पुस्तकात गाडीने एकूण किती वजन वाहावं तेही दिलेलं असतं. अनेक स्कूटरना ते १३० किलोच्या आसपास असतं, माझ्या गाडीलाही तेवढंच. यात चालवणारा, मागचा माणूस, पिशव्या, हेल्मेटं, सगळं धरायचं. मी ७० किलोचा, ही ५६ ची. झाले १२६. म्हणजे कायद्याने म्हणा की लोखंडाच्या हिशेबाने म्हणा, आमच्या वाट्याला उरले चार किलो! आणि आम्ही पंचवीस किलोचं पोतं बांधून घाट उतरत होतो.

हवा वाढवली म्हणून ही मर्यादा वाढत नाही, हे डोक्यात पक्कं बसवा. ब्रेक, चासी, मागचा शॉकअप, रिम, सगळे त्याच १३० साठी बनवलेत. टायर कडक केला तरी ब्रेक तेवढाच राहतो. दोन धडधाकट माणसं बसल्यावर जड सामानाला जागाच उरत नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण आकडेच तसे आहेत. आता मामींचं पोतं आम्ही वडापने पाठवायला सांगतो आणि स्कूटरवर फक्त तुपाची बरणी घेतो.

सामान नेण्याजोगं कधी असतं, तर दोघं हलके असतील तेव्हा. माझा भाचा ५८ किलोचा, त्याची आई ५०. बेरीज १०८, उरले बावीस. तो वीस किलोचं पोतं नेऊ शकतो. पण ते कुठे ठेवतो यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून त्याचंच उदाहरण सविस्तर बघू.

वजन कुठल्या चाकावर जातं

रिकामी स्कूटर साधारण १०७ किलोची धरू. इंजिन मागे असल्यामुळे त्यातले अंदाजे ६४ मागच्या चाकावर आणि ४३ पुढच्यावर पडतात. चालवणारा दोन्ही चाकांच्या मध्ये, पण मागे झुकून बसतो. त्याच्या ५८ पैकी ३८ च्या आसपास मागे जातात आणि २० पुढे. भाचा एकटा असेल तर मागच्या चाकावर १०२ आणि पुढच्यावर ६३ किलो.

आता आई मागे बसली. ती जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावरच बसते, त्यामुळे तिचे ५० पूर्ण मागे. पोतं पायाशी, फूटबोर्डवर ठेवलं तर त्यातले ९ मागे आणि ११ पुढे. एकूण मागे १६१, पुढे ७४.

हेच आकडे शेजारी ठेवून बघा. मागच्या चाकावरचा भार १०२ चा १६१ झाला, दीडपटीहून जास्त. पुढच्याचा फक्त अकरा किलोने वाढला. स्टिकरवर दोघांसाठी मागचा आकडा २९ चा एकदम ३६ होतो आणि पुढचा २२ चा २२ च राहतो, त्यामागचं कारण हे. पंक्चरवाल्याने पुढे तीस मारले तर ते कुठल्याच हिशेबात बसत नाहीत.

तेच वीस किलोचं पोतं मागच्या कॅरियरवर बांधलं तर? आता ते चाकाच्याही मागे लटकतं. सी-सॉवर एका टोकाला जड पोरगं बसलं की दुसरं टोक उचललं जातं, तसं ते पुढचं चाक उचलायला बघतं. मागच्या चाकावर पोत्याचे वीस न पडता चोवीस पडतात आणि पुढचं चाक चार किलोने हलकं होतं. बेरीज मागे १७६ आणि पुढे ५९. म्हणजे तीन गोष्टी लादलेल्या गाडीचं पुढचं चाक भाचा एकटा असतानापेक्षाही हलकं! हँडल हलकं लागतं, खडीवर पुढचा ब्रेक दाबला की चाक घसरतं. हे आकडे अंदाजाचे आहेत, माणूस पुढे-मागे सरकला की दोन-चार किलोंनी बदलतील, पण त्यांचा कल बदलणार नाही.

माझ्या त्या घाटातल्या फेरीचा हिशेब याच रीतीने केला तर मागच्या चाकावर १९६ किलो येतात. दहा इंची ९०/१०० टायरवर बऱ्याचदा ५३ हा भारांक छापलेला असतो. त्याचा अर्थ तो टायर २०६ किलो पेलतो, पण पूर्ण हवा असेल तर. मी दहा किलो अलीकडे होतो आणि हवा होती चोवीस पौंड. टायरचं पोट का सुटलं ते यातून कळलं.

म्हणून जड सामान पायाशी, मधोमध आणि खाली. मात्र हँडल पूर्ण दोन्हीकडे वळवून बघा, पोतं आड येत नाही ना, आणि पाय टेकवायला जागा राहते ना. पायाशी ठेवायला जागा नसेल तर सामान कमी करा. सीटखालच्या डिक्कीलाही मर्यादा असते, बऱ्याच गाड्यांवर १० किलो लिहिलेलं असतं. पिशवी अडकवायचा हुक त्याहून कितीतरी कमी वजनाचा असतो.

तिसरं काम : गार टायरवर मोजा

स्टिकरवरचे आकडे गार टायरचे असतात. गाडी तीनेक तास उभी असेल किंवा जेमतेम एखाद किलोमीटर चालली असेल तर टायर गार समजा. चालताना टायर तापतो, आतली हवा फुगते आणि गेज तीन-चार पौंड जास्त दाखवतो. म्हणून पहाटेची वेळ उत्तम. चहा उकळेपर्यंत दोन्ही चाकं मोजून होतात.

स्वतःचा गेज घ्या. पेनासारखा साधा मिळतो, डिजिटलही मिळतो, दोन-चारशे रुपयांत काम होतं. दुकानातल्या गेजवर माझा विश्वास नाही असं नाही, पण एकाच टायरला दोन दुकानांत मी चार पौंडांचा फरक बघितलाय. आपला गेज थोडा चुकत असला तरी रोज तेवढाच चुकतो, हा त्याचा फायदा.

मोजताना गाडी मधल्या स्टँडवर घ्या, व्हॉल्व्हची टोपी काढा आणि गेज सरळ, एका दमात दाबा. 'फुस्स' आवाज येत राहिला तर गेज तिरका बसलाय. स्कूटरच्या टायरात हवा मुळातच थोडी, त्यामुळे प्रत्येक फुस्सबरोबर अर्धा-एक पौंड जातो. नवशिके खात्री करायला चारदा मोजतात आणि चौथ्यांदा आकडा खरंच कमी आलेला असतो! एकदा नीट मोजा, टोपी लावा. टोपी हरवली असेल तर पंक्चरवाल्याकडून एक मागून घ्या. व्हॉल्व्हमध्ये माती गेली की हवा हळूहळू जाते. शंका आली तर बोटावर थुंकी घेऊन व्हॉल्व्हच्या तोंडाला लावा. बुडबुडा फुगला तर आतली पिन बदलायला झाली.

चौथं काम : भरताना तूट मागा

घरात फूट पंप असेल तर प्रश्नच नाही, गार टायरात सरळ ३६ भरा. पण बहुतेकांना दुकानापर्यंत जावं लागतं, आणि तिथे पोचेपर्यंत टायर तापलेला असतो. मग तिथल्या आकड्याचं काय करायचं? त्यासाठी एक सोपी युक्ती आहे.

समजा सकाळी घरी मोजल्यावर मागच्या टायरात २८ निघाले. हवेत ३६. तूट आठची. दुकानात पोचल्यावर त्याच गेजने परत मोजा, आता तो ३० दाखवेल. त्यात तुमची तूट मिळवा : ३० अधिक ८, ३८. पोराला सांगा, "मागं अडतीस." टायर गार झाला की तो ३६ वर येऊन बसेल. दुकानात गरम टायरात थेट ३६ भरून घेतले असते तर दुसऱ्या दिवशी ३४ सापडले असते.

दहा इंची चाकात मागच्या व्हॉल्व्हपर्यंत नळीचं तोंड पोचवणं हीसुद्धा एक कसरतच. एका बाजूला सायलेन्सर, दुसऱ्या बाजूला इंजिन. चाक फिरवून व्हॉल्व्ह मोकळ्या जागी आणून गाडी उभी करा. नळी काढताना बरीच हवा बाहेर जाते, म्हणून भरून झाल्यावर पुन्हा एकदा आपल्या गेजने बघा. ही वेळ गर्दीची असेल आणि मागचा हॉर्न वाजवत असेल, तरी बघाच.

छत्तीसच्या वर जाऊ का?

हा प्रश्न मला हमखास विचारतात. "सामान जास्त आहे, चाळीस मारू?" नको. ३६ हा आकडाच भरलेल्या गाडीचा आहे, त्यात दोघं आणि मर्यादेतलं सामान आधीच धरलेलं आहे. त्याच्या वर गेलात की टायर मधोमध फुगतो, रस्त्याला थोडाच भाग टेकतो. कोरड्या हायवेवर फरक कळणार नाही, पण पावसाळ्यात यवतेश्वरच्या शेवाळलेल्या वळणावर कळतो, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. गतिरोधकावर गाडी उडी मारते, मागच्या माणसाच्या मणक्यात कळ जाते. काही महिन्यांनी टायर बघा, मधला पट्टा गुळगुळीत आणि कडा नव्या असतील तर हवा कायम जास्त असते. उलट दोन्ही कडा झिजल्या आणि मधली नक्षी शाबूत असेल तर हवा कायम कमी.

स्टिकरवर दोनच ओळी असतात आणि आयुष्य मधलं असतं, हे खरं. मागे पंचवीस किलोचं पोरगं बसलं तर कुठली ओळ? एकटाच आहे पण पायाशी पंधरा किलो भाजी आहे तर? माझा स्वतःचा नियम असा : मागच्या सीटवर तीस किलोच्या वर काही बसलं की दुसरी ओळ, तीसपेक्षा कमी असेल तर पहिली. पायाशी ठेवलेलं सामान दोन्ही चाकांत वाटलं जातं, त्यासाठी एकटा असताना मी हवा बदलत नाही.

वाटेत काय बघायचं

निघाल्यावर पहिल्या मोकळ्या रस्त्यावर वेग कमी ठेवून हलकंसं डावी-उजवीकडे वळून बघा. मागची बाजू उशिरा येत असेल, माझ्या घाटातल्यासारखी, तर हवा कमी आहे किंवा सामान मागे जास्त आहे. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून टायरच्या रबराला तळहात लावा, सायलेन्सर सांभाळून. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर हवा कमी आहे, भिंत दर फेऱ्याला दुमडतेय आणि त्यातूनच उष्णता होतेय. अशा टायरने खड्डा घेतला तर रिमला पोचा पडतो आणि तिथून हवा जायला लागते.

आणखी एक खूण लोकांना फसवते. समोरचे सारखे डिपर मारायला लागतात, कारण मागे वजन आल्याने तुमचा हेडलाइट वर चढलेला असतो. हवा वाढवून तो खाली येणार नाही, तो शॉकअप दबल्यामुळे वर गेलाय. काही गाड्यांना मागच्या स्प्रिंगला कडक करायची खाच असते, असेल तर ती वापरा.

आणि वाटेत गरम टायर ३९-४० दाखवतोय म्हणून हवा सोडू नका. हा मोह फार होतो. गार असताना ३६ होते, घाट चढून ४० झाले, ते बरोबरच आहे. तुम्ही तिथे चार पौंड सोडलेत तर दुसऱ्या सकाळी परतीच्या वाटेला मागे बत्तीसच उरतील, आणि सामान तर परतीलाच जास्त असतं.

घरी आल्यावर सामान उतरवा, गाडी रात्रभर उभी राहू द्या. पुढचे आठ दिवस एकट्यानेच राजवाड्यावरून ऑफिसला जायचं असेल तर सकाळी व्हॉल्व्हची पिन काडीच्या टोकाने टोचत मागची हवा २९ वर आणा, मधे दोनदा मोजून. रोज कुणाला ना कुणाला मागे घेऊन जात असाल तर ३६ च राहू द्या, थोडं आदळेल एवढंच. आमच्या घरी मी दर रविवारी मोजतो आणि गेज सीटखालच्या डिक्कीत, एका जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवतो, नाहीतर तो खड्ड्यांत आपटून बिघडतो.